पाणी कुठवर आलं होतं, हाताने दाखव

“आजी, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तू घाबरली होतीस का?”

“घाबरले होते की!”

इथे मुलाखत संपते. प्रश्नातच उत्तर होतं, आजीने फक्त मान डोलावली. नात मग घाईघाईने पुढचा प्रश्न विचारते, आजी तिथेही एका वाक्यात सुटते आणि वीस प्रश्नांची यादी दहा मिनिटांत संपून जाते. नंतर सगळे म्हणतात, आजीला कॅमेऱ्यासमोर बोलता आलं नाही. तीच आजी त्याच संध्याकाळी शेजारणीला पुराची हकिकत तासभर रंगवून सांगते.

घरातल्या वडीलधाऱ्यांची छोटी फिल्म करायची तर प्रश्न, चौकट आणि कटअवे या तीन गोष्टी लागतात. कटअवे म्हणजे बोलणाऱ्या चेहऱ्यावरून नजर थोडा वेळ दुसरीकडे नेणारी दृश्ये: हात, फोटो, गल्ली, देव्हारा. बहुतेक जण ही तीन वेगवेगळी कामे समजतात. प्रश्न रात्री वहीत लिहायचे, चौकट ऐनवेळी ठरवायची आणि कटअवे उरलेल्या वेळात जमेल तसे टिपायचे. प्रत्यक्षात हा एकच निर्णय असतो. प्रश्न कसा विचारला यावर आजी हात हलवेल की नाही हे ठरतं, हात हलणार असेल तर चौकट किती मोकळी ठेवायची ते ठरतं, आणि उत्तरात कोणती वस्तू आली यावर कटअवे ठरतात.

उदाहरणाला एक आजी घेऊ. वय ऐंशीच्या पुढे. १२ जुलै १९६१ च्या बुधवारी, म्हणजे पानशेत धरण फुटलं त्या दिवशी, ती सोळा वर्षांची होती आणि पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात राहत होती. सकाळी पानशेत गेलं, त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. फिल्म आठ-दहा मिनिटांची करायची आहे. नातीकडे एक मोबाइल, एक स्टँड आणि कॉलरला लावायचा छोटा माइक आहे. एवढं पुरतं.

पहिली भेट कॅमेऱ्याशिवाय घ्यायची. मात्र या भेटीत आजीला पूर्ण गोष्ट सांगू द्यायची नाही. माणूस एखादी हकिकत मन लावून एकदाच सांगतो. दुसऱ्या खेपेला “मगाशी म्हटलं ना” असं म्हणत ती आवरती घेतो, आणि ही दुसरी खेपच नेमकी कॅमेऱ्यात येते. म्हणून पहिल्या भेटीत फक्त नकाशा काढायचा. अक्षरशः कागदावर: वाड्याचा दरवाजा कुठे, नळ कुठे, जिना कुठे, नदी कोणत्या अंगाला. घरात कोण कोण होतं, त्यांची नावं. त्या वेळच्या कोणत्या वस्तू अजून घरात आहेत. आजी पुराकडे वळू लागली की “ते आपण शनिवारी बोलू” म्हणून थांबवायचं. थोडी रुसेल, पण शनिवारी गोष्ट ताजी येईल.

याच भेटीत आजीला एक गोष्ट सरळ विचारून घ्यावी: कशाबद्दल बोलायचं नाही? भावाभावांचे वाटे, एखादं मोडलेलं लग्न, पुरात गेलेलं मूल. तिने नको म्हटलं तर तो विषय यादीतून काढून टाकायचा. तिचं मन बदललं तर ती स्वतःच त्याकडे वळते, आणि पुष्कळदा वळतेच.

आता प्रश्न. भावनेबद्दल विचारलं की उत्तर लहान येतं, आणि जागेबद्दल, हालचालीबद्दल विचारलं की भावना आपोआप येते. “घाबरली होतीस का?” याऐवजी “त्या दिवशी सकाळी वाड्यात कोण काय करत होतं, ते सांग” असं विचारलं की आजीला वाडा आठवावाच लागतो. नळावर कोण होतं, आई काय करत होती, बातमी कोणी आणली, आधी कोण उठलं. सुरुवात तर त्याहूनही सोपी हवी: “वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत आलं की डाव्या हाताला काय होतं?” यात आजीला चूक-बरोबरची भीती नसते. दोन मिनिटांत ती वाड्यात फिरू लागते आणि कॅमेरा विसरते.

फिल्ममध्ये नातीचा आवाज ठेवायचा नसेल तर उत्तर प्रश्नाशिवाय कळायला हवं. “तो दुपारी आला” या वाक्यातला ‘तो’ कोण, हे प्रेक्षकाला कळणार नाही. आजीला आधी सांगून ठेवता येतं की प्रश्नातले शब्द उत्तरात घे, पण तिसऱ्या प्रश्नाला ती सूचना ती विसरते आणि पुनःपुन्हा आठवण करून दिली की तिचं बोलणं अडखळतं. त्यापेक्षा प्रश्नाच्या शेवटी “सांग” घालावं. ‘का’ने संपणाऱ्या प्रश्नाला ‘हो’ मिळतो, ‘सांग’ने संपणाऱ्याला वाक्य मिळतं. एका वेळी एकच प्रश्न. “तेव्हा कुठे गेलात, किती दिवस राहिलात आणि जेवणाचं काय केलंत?” असं विचारलं तर उत्तर फक्त शेवटच्या तुकड्याला येतं.

नात्याचीही एक अडचण आहे. “तुला माहीतच आहे ना, दादा कसा होता ते,” असं म्हणून आजी पुढे जाते. नातीला माहीत असतं, प्रेक्षकाला नसतं. यावर उत्तम उपाय म्हणजे नातीच्या एखाद्या मैत्रिणीला ऐकायला बसवणं, जिला या घरातलं काहीच ठाऊक नाही. परक्या पोरीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. प्रश्न नातीने विचारावेत, आजीने उत्तर मैत्रिणीकडे बघून द्यावं, असंही चालतं. फक्त नजर एकाच दिशेला राहिली पाहिजे.

बोलता बोलता आजी थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. मनात पाचपर्यंत मोजावं. म्हातारं माणूस थांबतं तेव्हा ते संपलेलं नसतं, शोधत असतं. आणि मध्ये मध्ये “हं… हं… बापरे!” करायचं नाही. घरगुती गप्पांत ती चांगली सवय आहे, पण रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज आजीच्या शब्दांवर बसतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. नुसती मान हलवावी.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची आठवण एकटी राहिलेली नसते. आजीने पाहिलेलं, वडिलांनी नंतर सांगितलेलं आणि दर जुलैत वर्तमानपत्रात वाचलेलं हे सगळं तिच्यात मिसळलेलं असतं. म्हणून महत्त्वाच्या जागी शांतपणे विचारावं: “हे तू स्वतः पाहिलंस, की नंतर कळलं?” यात उलटतपासणीचा सूर नको. तारीख चुकली तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची नाही. ते काम नंतर पडद्यावरची एक ओळ करते. मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं या बाबतीतलं काम प्रसिद्ध आहे. तेर्नी या गावातला लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या गोळीने मेला. गावातले अनेक जण मात्र तो १९५३ साली, कारखान्यातल्या कामगारकपातीच्या वेळी मेला असं सांगत. पोर्तेल्लींनी ती चूक फेकून दिली नाही. लोकांना तो मृत्यू कशाशी जोडावासा वाटला, हे त्यांनी त्या चुकीतून वाचलं. आजीने पुराचा दिवस एखाद्या सणाशी किंवा घरातल्या लग्नाशी जोडला, तर ती जोडणीही टिपून ठेवण्यासारखी असते.

यादीतला एक प्रश्न मात्र मुद्दाम वेगळा ठेवायचा: “पाणी कुठवर आलं होतं, हाताने दाखव.” याला आजी शब्दांत उत्तर देणार नाही. ती हात डोक्याच्या वर नेईल आणि म्हणेल, “इथवर, कोनाड्याच्याही वर.” फिल्ममधला हा सगळ्यात मोलाचा क्षण असू शकतो, आणि चौकट चुकली तर तो हात पडद्याबाहेर जाईल.

म्हणून चौकटीचा विचार या हातापासून सुरू करू. नेहमीची बसकी चौकट छातीपासून वर, डोक्यावर बोटभर मोकळी जागा अशी असते. चेहरा वाचायला ती उत्तम, हाताला मात्र अपुरी. दोन मार्ग आहेत. एक, या प्रश्नाआधी थोडं थांबून चौकट मोकळी करायची, कंबरेपासून वर आणि डोक्यावर हातभर जागा ठेवून. दुसरा मार्ग सोपा: सगळी मुलाखत मोकळ्या चौकटीतच ४के मध्ये टिपायची आणि फिल्म १०८० मध्ये बनवायची. मग संकलनात चित्र दुपटीपर्यंत जवळ आणलं तरी ते फुटत नाही आणि एकाच मोबाइलमधून दूरची आणि जवळची अशा दोन चौकटी मिळतात. एकट्या माणसाने मुलाखत घ्यायची असेल तर हाच मार्ग बरा. आजी बोलत असताना स्टँडशी खटपट करावी लागत नाही.

मोबाइल आडवा, आणि लेन्स आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्या माणसाच्या उंचीवर स्टँड ठेवला की खुर्चीतली आजी वरून दिसते आणि बिचारी वाटते. सेल्फीची किंवा सगळं पसरट दाखवणारी लेन्स वापरू नये, ती जवळून नाक मोठं करते. मुख्य लेन्स वापरून पाच-सहा फुटांवर बसावं. नातीने लेन्सला खेटून, डोळे लेन्सच्याच उंचीवर येतील असं बसायचं. मग आजीची नजर कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला जाते. आजी डावीकडे पाहत असेल तर चौकटीत डावीकडे जास्त जागा सोडायची. नाहीतर ती भिंतीला नाक लावून बोलते आहे असं दिसतं.

खुर्ची लाकडी, हातांची आणि न हलणारी. झोपाळ्यावर आजी छान दिसते, पण प्रत्येक झोक्याला ती चौकटीबाहेर जाते आणि कड्या करकरतात. खुर्ची भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढावी. उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. खिडकी पाठीशी असेल तर चेहरा काळा पडतो. ट्यूबलाइट लावावाच लागला आणि चित्र थरथरताना दिसलं, तर मोबाइल सेकंदाला २५ चित्रांवर आणि शटर १/५० वर ठेवावं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिव्याचं लुकलुकणं तिच्याशी बांधलेलं असतं. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर चष्मा काढायला लावू नये, चष्म्याशिवाय आजी आजी दिसत नाही. खुर्ची थोडी वळवली की चमक जाते. शेवटी आजीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करायचा. नाहीतर तिने पांढरा पदर सावरला की सगळं चित्र अंधारतं.

आवाजाचं थोडक्यात. माइक हनुवटीखाली वीतभर, पदराच्या काठाला. मंगळसूत्र किंवा माळ त्यावर आपटत नाही ना, हे कान लावून ऐकावं. रेशमी पदर सळसळतो, सुती बरा. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायचा विसर पडू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवून द्यायची, हा चित्रीकरण करणाऱ्यांचा जुना उपाय आहे. वेळ सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची, एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. आजीची वाक्यं अर्धवट सुटू लागली, ती सारखी पाणी मागू लागली की थांबावं. उरलेलं दुसऱ्या दिवशी. उठण्यापूर्वी सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसून खोलीचा नुसता आवाज टिपून घ्यायचा. संकलनात वाक्यं कापली की मध्ये जी मुकी भोकं पडतात, ती याच आवाजाने बुजवली जातात.

कटअवे मुलाखतीनंतर टिपायचे, आधी नाही. आधी टिपले तर आपल्याला सुचतील त्याच गोष्टी टिपल्या जातात: समई, तुळस, सुरकुतलेले हात. हे कुठल्याही आजीच्या फिल्ममध्ये चालतं, म्हणून ते या आजीच्या फिल्ममध्ये निरुपयोगी. मुलाखत संपली की त्याच दिवशी ती ऐकून उत्तरं वहीत उतरवावीत आणि बाजूला वेळ लिहावी. जिथे एखादी वस्तू, जागा किंवा हालचाल आली तिथे खूण करायची. खुणांची यादी हीच कटअवेंची यादी.

समजा, आजी म्हणाली: “मी नळावर कपडे पिळत होते. दादा सायकल टाकून आत आला न् ओरडला, धरण फुटलं, निघा. बाबांना पटेचना. ते म्हणाले, अफवा असेल.” मग ती दादाच्या नोकरीवर गेली, त्याच्या मुलाच्या लग्नापर्यंत पोचली, आणि परत आली: “आईने मात्र काही विचारलं नाही. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला, पदरात बांधला आणि निघाली. आम्ही पर्वतीची वाट धरली.” हे सगळं मिळून अडीच मिनिटं. फिल्ममध्ये जागा आहे पाऊण मिनिटाची.

दादाची नोकरी आणि लग्न काढून टाकलं की “अफवा असेल” आणि “आईने मात्र” ही दोन वाक्यं शेजारी येतात. आशय जुळतो, पण चित्र झटका देतं: आधी आजीची मान डावीकडे होती, आता एकदम उजवीकडे. हा झटका लपवायला इथे कटअवे लागतो. कुठला? बाळकृष्ण अजून देव्हाऱ्यात असेल तर तोच. “अफवा असेल” हे शब्द आजीच्या चेहऱ्यावर संपू द्यायचे, “आईने मात्र काही विचारलं नाही” हा आवाज सुरू होताच चित्रात देव्हारा आणायचा, मग बाळकृष्ण जवळून, आणि “पर्वतीची वाट धरली” म्हणताना परत आजीवर यायचं. आवाज सलग चालतो आणि कात्री कुठे चालली ते कळत नाही. पण पितळी मूर्तीचं नाव येताक्षणीच मूर्ती दाखवली तर ते शाळेतल्या तक्त्यासारखं वाटतं. शब्दाच्या थोडं आधी किंवा थोडं नंतर ती यावी.

प्रत्येक कटअवे निदान दहा सेकंद न हलवता टिपावा, आणि एकच गोष्ट तीनदा: लांबून, मध्यम अंतरावरून, अगदी जवळून. घाईत प्रत्येक जण तीन सेकंदांचं दृश्य घेतो आणि संकलनात ते नेमकं दोन सेकंदांनी कमी पडतं. आजीच्या हातांसाठी तिला काहीतरी खरं काम द्यावं: भाजी निवडणं, वाती वळणं. “हात नुसते असे ठेव” म्हटलं की हात अवघडतात. जुने फोटो काचेतून टिपू नयेत. फ्रेममधून काढून खिडकीच्या बाजूच्या उजेडात, मोबाइल बरोबर समांतर धरून टिपावेत. काळ्या पानांच्या अल्बमला चिकटलेले फोटो उपटायच्या फंदात पडू नये, पानासकट टिपावेत.

पुराचं दृश्य कुठून आणायचं, हा प्रश्न येतोच. इंटरनेटवर दुसऱ्या कुठल्या तरी पुराची चित्रफीत मिळते आणि ती लावायचा मोह होतो. लावू नये. घरातलं कोणीतरी ती ओळखतं, आणि मग आजीच्या खऱ्या शब्दांवरचाही विश्वास उडतो. १९६१ चे जुने फोटो वर्तमानपत्रांत छापलेले आहेत, पण त्यांचे हक्क असतात, विचारून घ्यावेत. तेही मिळाले नाहीत तर अडत नाही. क्लोद लांझमान यांच्या ‘शोआ’ या १९८५ च्या फिल्ममध्ये ज्यूंच्या संहाराची कथा नऊ तासांहून अधिक काळ चालते, आणि तिच्यात त्या काळातलं एकही जुनं चित्रण नाही. आहेत ती फक्त बोलणारी माणसं आणि त्या जागांचं आजचं रूप. नातीनेही तेच करावं. नारायण पेठेतली तीच गल्ली, वाड्याच्या जागी उभी असलेली इमारत, लकडी पुलावरून दिसणारी आजची मुठा, गल्लीपासून पर्वतीकडे जाणारा रस्ता. नदीचं पाणी एका दृश्यात डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर सगळ्या दृश्यांत तसंच वाहू द्यावं, त्यासाठी पुलाच्या एकाच बाजूला उभं राहावं. पहिल्या भेटीत कागदावर काढलेला वाड्याचा नकाशाही टिपून ठेवावा. आजीच्या बोटाने नळ आणि जिना दाखवला तर त्याहून चांगला कटअवे नाही.

आणि कुठे कटअवे लावायचा नाही, तेही आधी ठरवावं. पाणी ओसरल्यावर घरी परत आलो, म्हणता म्हणता आजी थांबते, खिडकीबाहेर बघते, पदर तोंडाला लावते. इथे चित्र देव्हाऱ्यावर नेणं म्हणजे तिला मध्येच तोडणं. तो थांबा पूर्ण ठेवावा, मग तिथे वाक्य सलग नसलं आणि चित्राला थोडा झटका बसला तरी चालेल. हात वर नेऊन पाणी दाखवतानाही तेच: तिथे फक्त आजी.

फिल्म तयार झाली की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी आजीला एकटीला दाखवावी आणि तिने “हे काढ” म्हटलेलं काढावं. मूळ तासाभराचं रेकॉर्डिंग मात्र पुसू नये. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून ते सगळ्यात आधी जातं. दोन वेगळ्या ठिकाणी त्याच्या प्रती ठेवा आणि सोबत एका फाइलमध्ये तारीख, जागा आणि आजीने घेतलेली सगळी नावं लिहून ठेवा: दादा म्हणजे कोण, वाडा कोणाचा, नळाशेजारी कोण राहत होतं. ही नावं आज घरात दोघा-तिघांनाच माहीत असतील, म्हणून ती त्यांच्याकडून याच आठवड्यात तपासून घ्या.